स्क्रीन रीडरला चित्र दिसत नाही: मेल अ‍ॅपमधल्या बिननावाच्या बटणांची गोष्ट

अंध व्यक्ती सराईतपणे फोन चालवताना दिसली की आजूबाजूचे लोक सहज म्हणतात, "यांना सहावं इंद्रियच असतं." असं काही नसतं. असतो तो भरपूर सराव आणि स्क्रीन रीडर नावाचा एक प्रोग्राम. त्या प्रोग्रामबद्दलही मोठा गैरसमज आहे. तो कॅमेऱ्यासारखा पडदा बघतो आणि दिसेल ते वाचतो, असं अनेकांना वाटतं. तसं असतं तर नळ स्टॉपजवळच्या कार्यालयात काम करणाऱ्या माझ्या अंध मैत्रिणीचा एक अख्खा दिवस वाया गेला नसता. तिचं मेल अ‍ॅप अपडेट झालं आणि संध्याकाळी तिचा फोन आला. "अगं, मेल उघडली की वरच्या ओळीत तीन बटणं लागतात, आणि तिन्हींवर एकच ऐकू येतं, 'अनलेबल्ड, बटन'. यातलं मेल पुसणारं कुठलं, तेवढं सांग."

आपल्याला तिथे खोका, कचऱ्याचा डबा आणि पाकीट अशी तीन चित्रं दिसतात. मग स्क्रीन रीडरला ती का कळू नयेत?

कारण त्याचा चित्रांशी संबंधच येत नाही. अ‍ॅप पडद्यावर रंग आणि रेषा काढतं, आणि त्याच वेळी फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे एक यादी सोपवतं. पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूची तिच्यात नोंद असते: नाव काय, प्रकार कोणता, सध्याची स्थिती काय आणि जागा कुठली. वस्तू एकमेकींच्या पोटात असतात, त्यामुळे या यादीची रचना झाडासारखी होते. अँड्रॉइडवरचा टॉकबॅक किंवा आयफोनवरचा व्हॉइसओव्हर हेच झाड चाचपत फिरतो आणि हाती लागलेली नोंद बोलून दाखवतो. "पाठवा, बटण" असं ऐकू येतं तेव्हा "पाठवा" हे नाव असतं आणि "बटण" हा प्रकार.

प्रकार बहुधा आपोआप मिळतो, कारण प्रोग्रामर तयार बटण वापरतो. बटणावर अक्षरं असतील तर नावही त्या अक्षरांवरूनच मिळतं. अडतं ते फक्त चित्र असलेल्या बटणापाशी. चित्रात अक्षरं नसतात, म्हणून नाव प्रोग्रामरला हाताने द्यावं लागतं. अँड्रॉइडच्या पारंपरिक पद्धतीत त्यासाठी एवढी एकच ओळ पुरते:

```
android:contentDescription="@string/delete"
```

ही ओळ राहून गेली तरी अ‍ॅप बिनतक्रार चालतं आणि पडद्यावर काहीच फरक दिसत नाही, म्हणून डोळस प्रोग्रामरच्या लक्षात येत नाही. पाट्या नसलेल्या वाड्यात पोस्टमनला दारं दिसतात पण कुठलं कोणाचं ते कळत नाही, तशी टॉकबॅकची गत होते. आयफोनवर कधी आणखी गंमतशीर प्रकार ऐकू येतो. नाव दिलेलं नसलं तर चित्राच्या फाइलचं नावच वाचलं जातं, "आयसी ट्रॅश" वगैरे. ते विचित्र असलं तरी निदान सुगावा लागतो.

मैत्रिणीच्या तीन बटणांचा छडा आम्ही असा लावला. तिने स्वतःलाच "चाचणी" विषयाची एक मेल पाठवली आणि तीच उघडली. खऱ्या मेलवर असले प्रयोग करू नयेत, आणि नवी मेल लिहिण्याच्या पानावर तर नकोतच, कारण तिथलं एखादं बिननावाचं बटण "पाठवा" असू शकतं. पहिलं बटण दाबलं तशी मेल इनबॉक्समधून गेली. कचरापेटीत ती नव्हती, पण शोधल्यावर सापडली. म्हणजे ते संग्रहाचं, आर्काइव्हचं बटण. मेल इनबॉक्समध्ये परत आणून दुसरं दाबलं, तर ती कचरापेटीत मिळाली. तिसऱ्याने मेल जागेवरच राहिली, पण मेलच्या यादीत तिच्यापुढे "अनरीड" ऐकू येऊ लागलं.

आता नावं द्यायची. बटणावर फोकस ठेवून, म्हणजे टॉकबॅक त्या बटणावर थांबलेला असताना, तीन बोटांनी एकदा टॅप केलं की टॉकबॅकचा मेनू उघडतो (जुन्या फोनवर बोट खाली आणि मग उजवीकडे एका दमात ओढायचं). त्यात लेबल जोडण्याचा पर्याय असतो. आयफोनवर बटणावर दोन बोटांनी दोनदा टॅप करायचं आणि दुसऱ्यांदा बोटं दाबून धरायची. नाव मराठीत लिहायचं असेल तर बोलणाऱ्या आवाजाला मराठी यायला हवी, नाहीतर "पुसा" लिहूनही काही ऐकू येणार नाही.

या युक्तीची मर्यादा तिच्या यंत्रणेतच आहे. टॉकबॅक आपलं लेबल चित्राला चिकटवत नाही. प्रोग्रामरने कोडमध्ये बटणाला दिलेल्या अंतर्गत ओळखीला ते जोडतो. पुढच्या अपडेटमध्ये ही ओळख बदलली की आपलं लेबल निराधार होतं. दोन वेगळ्या बटणांना एकच ओळख दिलेली असेल तर दोन्हींना एकच नाव लागतं. आणि ओळख मुळातच नसेल, जे नव्या पद्धतीने बांधलेल्या अ‍ॅपमध्ये बरेचदा होतं, तर लेबल जोडण्याचा पर्याय दिसतच नाही. म्हणून अपडेटनंतर पुसण्याआधी पुन्हा एकदा चाचणीची मेल वापरून खात्री करावी.

पर्याय दिसला नाही तर मेलच्या यादीकडे परतावं. अनेक मेल अ‍ॅपमध्ये मेलवरून बोट सरकवून ती पुसता येते, आणि या कृती झाडात नावासकट नोंदवलेल्या असतात. आयफोनवर मेलवर फोकस असताना एक बोट वर किंवा खाली सरकवलं की त्या एकेक करून ऐकू येतात. टॉकबॅकमध्ये त्या मेनूतल्या Actions मध्ये मिळतात. मैत्रीण आता मेल उघडल्यावर वरच्या ओळीकडे जातच नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा हात पार्किन्सनमुळे थरथरतो. त्यांना चित्रं नीट दिसतात आणि ते फोन बोलून चालवतात. पण आवाजी नियंत्रणही त्याच झाडातली नावं बघतं. काका "टॅप डिलीट" म्हणतात, झाडात त्या नावाचं काहीच नसतं, आणि फोन ढिम्म. मैत्रिणीने टॉकबॅकमध्ये लिहिलेली लेबलंही इथे उपयोगाची नाहीत, कारण ती टॉकबॅकपाशीच राहतात. काकांनी "शो नंबर्स" म्हणावं. मग दाबता येण्याजोग्या प्रत्येक वस्तूवर आकडा येतो, नाव असो वा नसो, आणि "टॅप सेव्हन" म्हटलं की काम होतं. आकडे पानागणिक बदलतात, त्यामुळे पाठ करण्यात अर्थ नाही. आकडाही आला नाही, तर अ‍ॅपने ती वस्तू दाबता येते एवढीही नोंद केलेली नाही. तेव्हा "शो ग्रिड" म्हणून पडद्यावर चौकटी आणाव्या आणि चौकटीचा आकडा सांगावा. हा उपाय संथ आहे, पण झाडावर अवलंबून नाही.

चित्र ओळखून आपोआप नाव लावणारी सोय आता आली आहे. आयफोनवर ती 2020 मध्ये आयओएस 14 बरोबर आली. त्यामुळे हा प्रश्न कायमचा सुटला असा गाजावाजा होतो, तो मला पटत नाही. कचऱ्याचा डबा ओळखता येतो, पण डावीकडे वळलेला बाण "उत्तर द्या" आहे की "मागे जा", हे निव्वळ चित्रावरून ठरत नाही. तो अंदाज आहे, आणि पुसण्याच्या बटणाबाबत अंदाजावर विसंबणं महागात पडतं.

अ‍ॅप बनवणाऱ्यांना कळवताना "अ‍ॅप नीट चालत नाही" एवढंच लिहू नका. पान कोणतं, डावीकडून कितवं बटण, काय ऐकू आलं, काय ऐकू यायला हवं होतं, आणि अ‍ॅपची आवृत्ती कोणती, एवढं लिहिलं की प्रोग्रामर ती ओळ काही मिनिटांत भरू शकतो. आणि एक सांगा: नावात "बटण" हा शब्द घालू नका. प्रकार वेगळा बोलला जातो, त्यामुळे ऐकणाऱ्याला दर वेळी "पुसा बटण, बटण" असं ऐकावं लागतं.