ओव्हरहेडचा फरक वर्षाखेरीस कसा मिटवायचा: कुठली रक्कम पात्र, कुठले कागद लागतात

वर्षाच्या सुरुवातीला आपण ओव्हरहेडचा रेट अंदाजाने बांधतो, त्यामुळे शेवटी फरक पडतोच. ओव्हरहेड कंट्रोल अकाउंटला डेबिटला खरा खर्च असतो आणि क्रेडिटला जॉबवर चढवलेला. डेबिट बॅलन्स उरला तर अंडर, म्हणजे खर्चापेक्षा कमी चढवलं, क्रेडिट उरला तर ओव्हर, म्हणजे जास्त चढवलं.

समजा बजेट 11,00,000 आणि मशीन अवर्स 22,000, म्हणजे रेट 50. प्रत्यक्षात मशीन चालली 20,000 तास, चढले 10,00,000 आणि खर्च झाला 11,50,000. अंडर 1,50,000.

आता लगेच एन्ट्री मारायची नाही, आधी कागद काढा: बजेट शीट, मशीनचं लॉगबुक, ब्रेकडाउन रिपोर्ट, खर्चाचे लेजर, आणि वर्षाखेरच्या स्टॉकची यादी, पण त्यात प्रत्येक मालावर किती मशीन तास लागले ते हवं. हीच यादी बहुतेक ठिकाणी नसते, आणि मग माणूस मार्चअखेरीला जॉब कार्डं उपसत बसतो. लेजर पण नीट बघा, पुढच्या वर्षाचा विमा किंवा नवीन मोटार रिपेअर्समध्ये घुसलेली असेल तर तो फरक खरा नाहीच, आधी ते दुरुस्त करा.

मग फरक फोडायचा. सोयीसाठी सगळा खर्च फिक्स्ड धरू. लॉगबुकमध्ये दिसतंय की मोठा ब्रेकडाउन होऊन 2,000 तास गेले, त्याचे 50 प्रमाणे 1,00,000. उरलेले 50,000 खर्च बजेटपेक्षा जास्त झाला म्हणून, कारण वीज आणि देखभालीचा अंदाजच कमी धरला होता.

यातला पहिला लाख मालावर चढवायला पात्र नाही. बंद मशीनने काही बनवलंच नाही, तर त्याचा भार बनलेल्या मालावर कसा टाकणार? तो सरळ कॉस्टिंग प्रॉफिट अँड लॉसला जातो. 50,000 मात्र पात्र, कारण माल बनवायला तो खर्च खरंच लागला, आपण फक्त रेट कमी लावला. त्याला सप्लिमेंटरी रेट: 50,000 भागिले 20,000, म्हणजे तासाला 2.50.

विकलेल्या मालावर 14,000 तास गेले असतील तर 35,000 कॉस्ट ऑफ सेल्सला, तयार स्टॉकचे 4,000 तास म्हणून 10,000, आणि अर्धवट कामाचे 2,000 तास म्हणून 5,000. कंट्रोल अकाउंट शून्य झालं की एन्ट्री बरोबर. नुसतं शून्य बघून खूश होऊ नका हं, सगळं विकलेल्या मालावर टाकलं तरी ते शून्यच होतं आणि स्टॉक 15,000 ने कमी दिसतो, मी पहिल्या वर्षी हेच करून बसलो होतो.

ओव्हर असेल तर हाच रेट मायनसमध्ये लावून तिन्हीकडून कमी करा. रक्कम अगदी किरकोळ असेल तर वाटत बसू नका, प्रॉफिट अँड लॉसला टाका. सस्पेन्समध्ये ठेवून पुढे ओढणं महिन्या-तिमाहीला चालतं, सीझनल धंद्यात तर लागतंच, पण वर्षाखेरीस सहसा नाही.