डेटालॉगमधील पुनरावर्तन आणि ट्रान्झिटिव्ह क्लोजर

डेटालॉग ही डेटाबेसला नियमांच्या रूपात प्रश्न विचारण्याची भाषा आहे. टेबलांवर जॉइन, युनियन, फरक अशा क्रिया लावून उत्तर काढणाऱ्या रिलेशनल अल्जिब्रापेक्षा तिचं मुख्य वेगळेपण एका गोष्टीत दिसतं: नियम स्वतःचाच आधार घेऊ शकतो. एवढ्याने अल्जिब्राला मुळीच न जमणारा एक प्रश्न दोन ओळींत सुटतो. तो प्रश्न असा, की थेट जोड असलेल्या जोड्या दिल्या असतील, तर कितीही टप्पे घेऊन कुठून कुठे पोहोचता येतं? या सगळ्या जोड्यांच्या संचाला मूळ संबंधाचा ट्रान्झिटिव्ह क्लोजर म्हणतात. कर्मचारी आणि त्यांचे वरिष्ठ, यंत्र आणि त्याचे सुटे भाग, वंशावळ, एकमेकांना हाक मारणारी फंक्शन्स, अशा सगळ्या ठिकाणी हाच प्रश्न वेगळ्या नावाने येतो.

उदाहरणासाठी रेल्वेचा नकाशा घेऊ. मधली स्टेशनं वगळून आणि एकच दिशा धरून `jod` या टेबलात पाच ओळी आहेत: पनवेल ते रत्नागिरी, रत्नागिरी ते मडगाव, मडगाव ते लोंढा, लोंढा ते मिरज, मिरज ते पुणे. उलट दिशेच्या ओळी मुद्दाम ठेवलेल्या नाहीत, म्हणजे मोजणी हाताने करता येईल. डेटालॉगमधला प्रोग्रॅम असा:

```
pohoch(X,Y) :- jod(X,Y).
pohoch(X,Y) :- jod(X,Z), pohoch(Z,Y).
```

पहिला नियम सांगतो, की X पासून Y ला थेट जोड असेल तर पोहोच आहे. दुसरा सांगतो, की X पासून Z ला थेट जोड असेल आणि Z पासून Y ला पोहोच असेल, तर X पासूनही Y ला पोहोच आहे. याचं उत्तर म्हणजे दोन्ही नियम पाळणारा सर्वांत लहान संच. त्यातून एकही जोडी काढता येत नाही आणि नियम लावून नवी जोडीही निघत नाही. याला लघुतम स्थिरबिंदू म्हणतात. ‘सर्वांत लहान’ ही अट महत्त्वाची आहे. ती नसती तर सहाही स्टेशनांच्या सगळ्या ३६ जोड्या भरून ठेवल्या तरी नियम मोडले नसते.

अल्जिब्रात हेच करायला बसलं की अडचण लगेच समोर येते. `jod` चा स्वतःशी एक जॉइन केला की दोन टप्प्यांच्या जोड्या मिळतात, दोन जॉइननी तीन टप्प्यांच्या, आणि युनियनने त्या एकत्र करता येतात. आपल्या पाच ओळींसाठी पाच टप्प्यांपर्यंत लिहिलं की उत्तर बरोबर येतं. उद्या सातवं, आठवं स्टेशन जोडलं की मात्र तीच क्वेरी चुपचाप अपुरं उत्तर देते. कुठलीही त्रुटी दिसत नाही, फक्त लांबच्या जोड्या गायब असतात. म्हणून मार्गाच्या लांबीला आधीच कमाल मर्यादा माहीत असेल, उदाहरणार्थ हुद्द्यांच्या पायऱ्या चारच असतील, तर साधं अल्जिब्रा पुरतं. ती मर्यादा नसेल तर पुरत नाही.

‘पुरत नाही’ हे म्हणणं सिद्ध करावं लागतं, कारण अल्जिब्रात फक्त जॉइन आणि युनियन नाहीत, फरकही आहे. निवड, प्रक्षेप आणि फरक चतुराईने वापरून कुणी आडवाट काढली तर? हे अल्जिब्रा ज्यावर उभं आहे ते रिलेशनल मॉडेल एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलं. १९७९ मध्ये आल्फ्रेड एहो आणि जेफ्री उलमन यांनी दाखवलं, की अशी आडवाट नाहीच. त्यामागची कल्पना समजायला आणखी एक रेल्वे पुरते, मात्र ही काल्पनिक आहे.

१००० स्टेशनांचा एक गोल मार्ग घ्या. दुसरीकडे ५०० स्टेशनांचे दोन स्वतंत्र गोल मार्ग घ्या. स्टेशनांना नावं आहेत, पण क्वेरीला कुठलंही नाव ओळखीचं नाही, फक्त जोड माहीत आहे. ठरावीक लांबीची अल्जिब्राची क्वेरी एखाद्या स्टेशनावर उभी राहून पुढे-मागे ठरावीक अंतरापर्यंतच पाहू शकते. ते अंतर क्वेरी लिहितानाच ठरतं. डेटा वाढला म्हणून वाढत नाही. समजा ते १०० स्टेशनांचं आहे. मग दोन्ही नकाशांत प्रत्येक स्टेशनावरून दिसणारं दृश्य एकच: मागे १००, पुढे १००, सरळ मार्ग. अशी स्टेशनं दोन्हीकडे १०००च. फरक कळावा असं क्वेरीच्या नजरेत काहीच येत नाही, म्हणून ‘हो की नाही’ अशा कुठल्याही प्रश्नाला ती दोन्हीकडे एकच उत्तर देणार.

आता समजा क्लोजर अल्जिब्रात लिहिता येतो. मग सगळ्या जोड्यांतून तो वजा करून काही उरतं का, हेही अल्जिब्रातच विचारता येईल. एका मोठ्या गोलात काही उरत नाही, कारण फिरत राहिलं की कुठूनही कुठेही पोहोचता येतं. दोन गोलांत मात्र एका गोलातून दुसऱ्यात जाता येत नाही, त्यामुळे उरतं. उत्तरं वेगळी आली, आणि ती वेगळी येऊ शकत नाहीत हे आत्ताच पाहिलं. क्वेरी मोठी करून नजर १०० ऐवजी १०,००० वर नेली, तर गोल तेवढे मोठे घ्यायचे. स्टेशनांना क्रमांक देऊन लहान-मोठं तुलना करायची सोय दिली तरी निकाल बदलत नाही, पण त्याची सिद्धता वेगळी आहे आणि अधिक किचकट.

पुन्हा पनवेलला येऊ. डेटालॉगचं इंजिन हे उत्तर काढतं कसं? सोपी रीत म्हणजे रिकाम्या `pohoch` पासून सुरुवात करून दोन्ही नियम पुन्हा पुन्हा लावणं आणि नवं काही निघेनासं झालं की थांबणं. पहिल्या फेरीत ५ जोड्या येतात, मग नव्या ४, ३, २, १, आणि सहाव्या फेरीत शून्य. एकूण १५. पण या रीतीत दर फेरीला जुनाच हिशेब पुन्हा होतो. सहा फेऱ्यांत दुसऱ्या नियमाच्या जॉइनमधून अनुक्रमे ०, ४, ७, ९, १० आणि १०, म्हणजे ४० ओळी बाहेर पडतात. सेमी-नाइव्ह पद्धतीत मागच्या फेरीत नव्याने मिळालेल्या जोड्यांशीच जॉइन करतात. मडगाव ते पुणे ही जोडी गेल्या फेरीत नवी असेल, तर या फेरीत तिला फक्त रत्नागिरी ते मडगाव ही जोड लावून पाहायची. तशा मोजल्या तर ४ + ३ + २ + १, एकूण १० ओळी. पाच ओळींच्या टेबलात ४० आणि १० चा फरक किरकोळ वाटतो. लांब साखळीत मात्र क्वेरी संपते की नाही हे त्यावरच ठरतं.

आता सहावी ओळ घाला: पुणे ते पनवेल, कर्जतमार्गे. नकाशा गोल झाला. प्रत्येक फेरीत ६ नव्या जोड्या मिळतात. सहाव्या फेरीअखेर ३६ होतात, त्यांत पनवेल ते पनवेलही असते. सातव्या फेरीत मिळतं ते सगळं आधीच संचात असतं, म्हणून इंजिन थांबतं. चक्र आलं तरी डेटालॉग थांबतोच. n ठिकाणांच्या जोड्या n² पेक्षा जास्त होऊ शकत नाहीत, नियम नवी ठिकाणं निर्माण करत नाहीत, आणि संचात एकच जोडी दोनदा बसत नाही.

ही हमी एसक्यूएलमध्ये आपोआप मिळत नाही. १९९९ च्या एसक्यूएल प्रमाणात पुनरावर्ती क्वेरी आली आणि आपला प्रोग्रॅम तिच्यात असा लिहितात:

```sql
WITH RECURSIVE pohoch(a, b) AS (
  SELECT a, b FROM jod
  UNION
  SELECT j.a, p.b
  FROM jod j JOIN pohoch p ON j.b = p.a
)
SELECT * FROM pohoch;
```

इथे सवयीने `UNION ALL` लिहिलं की दुहेरी ओळी गाळल्या जात नाहीत. पाच ओळींच्या सरळ मार्गावर ती क्वेरी नीट चालते, १५ ओळी देते, चाचणी पास होते. सहावी ओळ आल्यावर दर फेरीला तशाच ६ ओळी येत राहतात आणि क्वेरी संपत नाही. मायएसक्यूएल `cte_max_recursion_depth` च्या मर्यादेला, म्हणजे मुळात १००० ला, त्रुटी देऊन थांबतं. पोस्टग्रेसमध्ये अशी मर्यादा नाही, तिथे तात्पुरत्या फाइलींनी डिस्क भरू लागली की कळतं. शंका असेल तर बाहेरच्या क्वेरीला `LIMIT 50` लावून पाहावं. क्रम लावण्याची अट नसेल तर पोस्टग्रेस तेवढ्याच ओळी काढतो, आणि ३६ जोड्या शक्य असताना ५० ओळी आल्या तर चोर सापडला.

याहून फसवा प्रकार टप्पे मोजण्याचा. वरच्या क्वेरीत `UNION` तसंच ठेवून टप्प्यांचा `n` हा रकाना वाढवला, पहिल्या `SELECT` मध्ये `1` आणि दुसऱ्यात `p.n + 1`, की पनवेल ते पनवेल ६, १२, १८ अशी येते. प्रत्येक ओळ खरोखरच वेगळी असल्याने दुहेरी ओळी गाळण्याचा उपयोग होत नाही. बेरजेची मुभा दिलेल्या डेटालॉगलाही हाच धोका आहे, कारण आता नियम नवे आकडे तयार करतात आणि n² ची कमाल मर्यादा सुटते. सहा ठिकाणांत सर्वांत आखूड मार्ग सहाहून जास्त टप्प्यांचा असू शकत नाही, म्हणून `p.n < 6` असेल तरच पुढे वाढवायचं, ही अट पुरते. पोस्टग्रेसच्या १४ व्या आवृत्तीपासून चक्र ओळखण्यासाठी `CYCLE` हे कलमही आहे.

डेटालॉग प्रत्येक बाबतीत अल्जिब्राच्या पुढे आहे, असा समज यातून होऊ नये. शुद्ध डेटालॉगमध्ये नकार नाही, त्यामुळे माहिती वाढली की उत्तर वाढतं किंवा तेवढंच राहतं, कमी कधीच होत नाही. ‘कुठून कुठे जाता येत नाही’ हा प्रश्न त्यात बसत नाही. पाच ओळींच्या नकाशात त्याचं उत्तर ३६ वजा १५, म्हणजे २१ जोड्या आहे, आणि सहावी ओळ घातली की शून्य. अल्जिब्राला वजाबाकी येते पण क्लोजर येत नाही, शुद्ध डेटालॉगचं नेमकं उलटं. दोन्ही हवं असेल तर डेटालॉगमध्ये नकार वाढवावा लागतो. `sthanak` मध्ये सगळी स्टेशनं आहेत असं धरू:

```
tutak(X,Y) :- sthanak(X), sthanak(Y), not pohoch(X,Y).
```

हे चालतं, कारण `pohoch` पूर्ण काढून झाल्यावरच `tutak` ला हात लावायचा. अशा थरांनी मांडलेल्या नकाराला स्तरबद्ध नकार म्हणतात. त्यातून पुनरावर्तन काढून टाकलं तर जे उरतं, ते नेमकं रिलेशनल अल्जिब्राएवढं असतं. खरी पंचाईत होते ती नकार स्वतःवरूनच फिरला की. खेळात ज्या स्थितीतून चाल करून प्रतिस्पर्ध्याला हरणाऱ्या स्थितीत ढकलता येतं, ती जिंकणारी, हा नियम असा लिहितात:

```
jinkto(X) :- chal(X,Y), not jinkto(Y).
```

`a` वरून `b` ला आणि `b` वरून `a` ला चाल असेल, तर एकटा `a` जिंकतो असं म्हटलं तरी नियम पाळला जातो, एकटा `b` जिंकतो असं म्हटलं तरीही. दोघांपैकी लहान कुठलंच नाही, त्यामुळे लघुतम उत्तर उरत नाही, आणि स्तरबद्ध नकारावर चालणारी इंजिनं असा प्रोग्रॅम चालवण्याआधीच नाकारतात.