मनुष्यबळ गळती विश्लेषण

संस्थेतून किती कर्मचारी, किती सेवाकालानंतर आणि कोणत्या विभागांतून बाहेर पडले हे मांडून त्यामागची संभाव्य कारणे वरिष्ठ व्यवस्थापनापुढे ठेवणारा लेखी अहवाल. एचआरच्या रोजच्या बोलण्यात गळतीला ‘अ‍ॅट्रिशन’ म्हणतात. वर्षभरात बाहेर पडलेल्यांच्या संख्येला त्या वर्षातील सरासरी कर्मचारीसंख्येने भागून १०० ने गुणले की गळतीचा दर मिळतो. स्वतःहून दिलेला राजीनामा, कंपनीने केलेली कपात आणि निवृत्ती यांची मोजणी वेगवेगळी ठेवावी लागते, कारण त्यांवरचे उपाय वेगळे असतात.

संपूर्ण संस्थेचा एकच दर बातमीपुरता उपयोगी असतो. टीसीएसने जुलै ते सप्टेंबर २०२२ च्या तिमाहीअखेर आधीच्या १२ महिन्यांचा दर २१.५ टक्के जाहीर केला होता. पण निर्णय घ्यायचा असेल तर तो दर फोडून पाहावा लागतो, आणि फोडताना सेवाकाल आधी घेतलेला बरा. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील राइस, हिल आणि ट्रिस्ट यांनी १९५० मध्येच दाखवले होते की नोकरी सोडण्याचे प्रमाण रुजू झाल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात सर्वाधिक असते आणि जसजसा माणूस रुळतो तसतसे ते उतरत जाते.

सेवाकाल वगळून केलेली विभागांची तुलना कशी फसवते, हे एका काल्पनिक सॉफ्टवेअर कंपनीच्या उदाहरणाने समजते. तिच्या सपोर्ट विभागात सरासरी २०० माणसे असून वर्षात ५६ गेली, म्हणजे दर २८ टक्के. डेव्हलपमेंटमध्ये ३०० पैकी ४८ गेली, दर १६ टक्के. एवढेच पाहिले तर संशय थेट सपोर्टच्या व्यवस्थापकावर जातो. आता सेवाकाल घालून पाहू. सपोर्टमध्ये वर्षाहून कमी सेवेचे सरासरी १२० जण होते, त्यांतले ४८ गेले. जुन्या ८० पैकी ८ गेले. डेव्हलपमेंटमध्ये नवे ६० होते, त्यांतले २३ गेले. जुन्या २४० पैकी २५ गेले. म्हणजे नव्यांची गळती सपोर्टमध्ये ४० तर डेव्हलपमेंटमध्ये सुमारे ३८ टक्के, आणि जुन्यांची दोन्हीकडे सुमारे १० टक्के. दोन विभागांतले १२ टक्क्यांचे अंतर जवळजवळ सगळे नव्यांच्या प्रमाणातून आले आहे. व्यवस्थापकाची बदली करून ते मिटणार नाही. पहिल्या वर्षात दोन्हीकडे काय घडते ते शोधावे लागेल. अर्थात सपोर्टमध्ये इतके नवे का, हा प्रश्न उरतोच. विभाग वाढला म्हणून ते आले असतील, किंवा गेलेल्यांच्या जागा भरताना गळतीनेच नव्यांचे प्रमाण वाढवले असेल. भरतीच्या नोंदी पाहिल्याशिवाय यांपैकी एक पर्याय निवडता येत नाही.

नव्यांची गळती नीट पाहण्यासाठी एकाच महिन्यात रुजू झालेल्यांचा गट धरून त्यांतले ९० दिवसांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने किती उरले हे मोजतात. ज्यांचे अजून वर्षच भरले नाही त्यांना ‘वर्षभर टिकले’ असे धरणे ही नेहमीची चूक आहे. कॅप्लान आणि मायर या संख्याशास्त्रज्ञांची १९५८ ची पद्धत अशा अपुऱ्या कालावधीच्या नोंदींनाही योग्य जागा देते.

तारखांकडेही लक्ष हवे. नोंद शेवटच्या कामाच्या दिवसाची होते, तर निर्णय त्याआधीच झालेला असतो. नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर जुलैत गेलेल्याने राजीनामा एप्रिलच्या सुमारास दिलेला असतो. म्हणून जूनमधल्या एखाद्या धोरणाला जुलैच्या गळतीचे कारण ठरवता येत नाही. पाच वर्षांनंतर लगेच उसळी दिसली तर उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या, अटीचाही विचार करावा, कारण कायम कर्मचाऱ्याला राजीनामा देताना उपदान मिळण्यासाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते.

कारणांसाठी अनेक अहवाल एक्झिट इंटरव्ह्यूवर विसंबतात. तिथे ‘चांगली संधी’ हे उत्तर वारंवार मिळते, आणि ते समजण्यासारखे आहे: रिलीव्हिंग लेटर हातात यायचे असते, पुढच्या कंपनीकडून चौकशीचा फोनही येणार असतो. त्या उत्तराला कारण न म्हणता ‘सांगितलेले कारण’ म्हणणे अधिक प्रामाणिक आहे.

अहवालाच्या भाषेने पुराव्याची मर्यादा ओलांडू नये. ‘रात्रपाळीमुळे लोक सोडून जातात’ असे लिहिण्याऐवजी ‘पहिल्या वर्षात रात्रपाळीतील कर्मचाऱ्यांची गळती दिवसपाळीपेक्षा अधिक आहे, पाळी हे एक संभाव्य कारण आहे, मात्र दोन्ही पाळ्यांतील पगार सारखे नसल्याने त्याचा परिणाम वेगळा काढता आलेला नाही’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला पुढे काय तपासायचे तेही कळते. आठ जणांच्या गटातून तिमाहीत एक जण गेला तर वार्षिक हिशेबाने दर ५० टक्के दिसतो. अशा ठिकाणी टक्केवारी गाळून ‘आठांपैकी एक’ असे लिहितात, आणि त्याच्या कारणाची चर्चा टाळतात, कारण इतक्या लहान गटात माणूस ओळखू येतो.