चार इंडिकेटर, साक्षीदार एकच

चार्टचा एक स्क्रीनशॉट सगळीकडे फिरत असतो. वर भावाच्या कँडल आणि त्यांच्या खाली एकाखाली एक चार पट्ट्या, म्हणजे भावावरून पुढची दिशा सांगू पाहणारे चार इंडिकेटर: आरएसआय, स्टोकॅस्टिक, विल्यम्स पर्सेंट आर, मॅकडी. चारही रेषा एकाच दिवशी वर वळलेल्या असतात, त्यांच्याभोवती हिरवं वर्तुळ काढलेलं असतं आणि शेजारी लिहिलेलं असतं, 'चौपट कन्फर्मेशन'. ते खरंच चौपट आहे का, हे तपासायला शेअर बाजाराचं ज्ञान लागत नाही. शाळेतली बेरीज-वजाबाकी पुरते.

एक काल्पनिक शेअर घेऊ. गेल्या 14 दिवसांत त्याचा सर्वांत वरचा भाव 520, सर्वांत खालचा 480 आणि आजचा बंद भाव 512. स्टोकॅस्टिक विचारतो, तळापासून आपण किती वर आलो? 40 च्या पट्ट्यात 32 वर, म्हणजे 80 टक्के. विल्यम्स पर्सेंट आर विचारतो, माथ्यापासून किती खाली आहोत? 40 पैकी 8, म्हणजे 20 टक्के, आणि तो हा आकडा उणे लिहितो: उणे 20. पहिल्यातून 100 वजा केले की दुसरा मिळतो. हा योगायोग नाही. दिवस सारखे घेतले तर कोणत्याही शेअरला, कोणत्याही तारखेला हेच होणार. पुस्तकात 'अतिखरेदी'ची रेषा एकाला 80 वर आणि दुसऱ्याला उणे 20 वर आखायला सांगतात, तीही एकच रेषा आहे. एरवी हे डोळ्यांना दिसत नाही, कारण स्टोकॅस्टिक सहसा तीन दिवसांची सरासरी काढून, थोडा गुळगुळीत करून दाखवला जातो. तेवढ्यानं रेषेचा चेहरा बदलतो, माहिती तीच राहते.

आरएसआयचं नातं इतकं उघड नाही, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबू. वेल्स वाइल्डर यांनी 1978 साली तो मांडला. त्याच शेअरचे 14 दिवसांतले रोजचे बदल घ्या. चढत्या दिवसांची बेरीज 48 आणि उतरत्या दिवसांची 24 आहे असं समजू. साध्या सरासरीनं आरएसआय म्हणजे 48 भागिले दोन्हींची बेरीज 72, म्हणजे शंभरपैकी सुमारे 67. (वाइल्डर सरासरी जरा वेगळ्या पद्धतीनं काढतात, पण मुद्दा बदलत नाही.) आता 48 मधून 24 वजा करा. 24 उरले, म्हणजे भाव 14 दिवसांत 488 वरून 512 वर आला. या वजाबाकीला 'मोमेंटम' म्हणतात आणि तोही वेगळा इंडिकेटर म्हणून मेनूत हजर असतो. दोन्हींचा कच्चा माल 48 आणि 24 हाच. एकात भागाकार, दुसऱ्यात वजाबाकी.

मॅकडी म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक. सरासरी आली की लोकांना काही तरी निराळं वाटतं, म्हणून छोटं उदाहरण घेऊ. आजचा भाव वजा तीन दिवसांची सरासरी हे गणित उलगडून मांडलं, तर हाती येतं ते असं: आजच्या बदलाचा दोन तृतीयांश भाग अधिक कालच्या बदलाचा एक तृतीयांश. बस्स. म्हणजे सरासरीपासूनचं अंतरही रोजच्या बदलांची बेरीजच आहे, फक्त ताज्या बदलाला वजन जास्त. मॅकडीत दिवस 12 आणि 26 असतात आणि वजनं घातांकी असतात, पण जात तीच. म्हणून चारही रेषा एकत्र वळल्या तर नवल नाही. एकाच साक्षीदारानं चार खोल्यांत जाऊन दिलेला तोच जबाब तुम्ही वाचताय.

याची किंमत आकड्यांत मोजता येते. समजा एक इंडिकेटर 55 टक्के वेळा बरोबर येतो. असे चार खरोखर स्वतंत्र इंडिकेटर एकच दिशा दाखवत असतील, तर ती दिशा बरोबर असण्याची शक्यता सुमारे 69 टक्के होते. चारही एकमेकांच्या नकला असतील, तर ती 55 टक्केच राहते. तोटा इथे होतो: शक्यता 55 ची, पण माणूस 69 चा विश्वास धरून मोठा सौदा करतो. अधल्यामधल्या स्थितीसाठी संख्याशास्त्रात एक सोपं सूत्र आहे. n इंडिकेटर असतील आणि त्यांच्यातला परस्परसंबंध सरासरी r असेल, तर त्यांची सरासरी काढण्यापुरती खरी मोजदाद अशी:

```
n / (1 + (n - 1) * r)
```

चार इंडिकेटर आणि r 0.9 असेल तर उत्तर 1.08 येतं. चार पट्ट्यांनी अर्धा स्क्रीन खाल्ला आणि हाती लागला एक इंडिकेटर, वर थोडी चिल्लर. तुमच्या चार्टवरचा r किती, हे बघायला दोन इंडिकेटरचे रोजचे आकडे स्प्रेडशीटच्या दोन रकान्यांत उतरवा:

```
=CORREL(B2:B251,C2:C251)
```

उत्तर 0.8 च्या वर असेल तर त्यातला एक बेलाशक काढून टाका. कोणता, याला फारसं महत्त्व नाही.

मग ठेवायचं काय? मी एक उलटापालट करून बघतो. मघाच्या 14 दिवसांतले सगळे चढ उतार करा आणि सगळे उतार चढ करा. मोमेंटम 24 चा उणे 24 झाला, आरएसआय 67 चा 33 झाला. पण 48 आणि 24 ची बेरीज 72 होती, ती 72 च राहिली. म्हणजे या बेरजेला दिशा माहीतच नाही. भाव किती हेलकावे खातो, एवढंच ती सांगते. वाइल्डर यांचाच एटीआर, म्हणजे रोजच्या हालचालीची सरासरी, याच कुळातला आहे. तो दिवसाच्या आतली हालचालही धरतो, म्हणून साध्या सरासरीनं 72 भागिले 14, म्हणजे सुमारे 5.1 यापेक्षा तो कमी येत नाही, सहसा जास्तच येतो. शेअर घ्यावा की विकावा हे एटीआर सांगणार नाही. स्टॉपलॉस किती लांब ठेवायचा, हे मात्र सांगेल.

दुसरी उलटापालट: भाव तसेच ठेवा आणि व्हॉल्यूमचे, म्हणजे किती शेअरची उलाढाल झाली त्याचे, आकडे बदला. आरएसआय, मॅकडी, एटीआर यांतलं काहीच हलणार नाही. व्हॉल्यूम ही खरोखर बाहेरून येणारी माहिती आहे. फक्त ओबीव्ही लावताना जपा. त्यात दिवसाचा पूर्ण व्हॉल्यूम बंद भावाच्या दिशेनुसार अधिक किंवा उणे धरतात, म्हणजे चिन्ह पुन्हा भावाकडूनच उसनं घेतलेलं असतं. आजचा व्हॉल्यूम त्याच्या 20 दिवसांच्या सरासरीच्या किती पट, हा साधा आकडा मला जास्त प्रामाणिक वाटतो. दिशेसाठी एक, हेलकाव्यासाठी एक, व्हॉल्यूमसाठी एक, इतकं पुरे.

इथे एक पळवाट बंद करायला हवी. चंद्राच्या कलाही आरएसआयपासून पूर्ण स्वतंत्र असतात. अमावस्या-पौर्णिमेवर आणि ग्रहांच्या गोचरावर शेअरचे अंदाज विकणारे कमी नाहीत, आणि परस्परसंबंधाच्या कसोटीवर त्यांचा 'इंडिकेटर' झोकात पास होईल. वेगळं असणं ही पहिली चाळणी झाली. ज्यात मुळात माहितीच नाही, ते वेगळं असूनही कुचकामी. खरं तर मघाचे 55 टक्केही मी गृहीत धरले होते. तुमच्या इंडिकेटरचे किती टक्के आहेत, हे जुन्या आकड्यांवर वेगळं तपासावं लागतं.

शिवाय हे तिघंही एकमेकांना पूर्ण परके नाहीत. मोठी बातमी आली की भावाची उडी आणि व्हॉल्यूम बरोबरच वाढतात. शेअर घसरतात तेव्हा हेलकावे वाढतात, त्यामुळे घसरणीच्या काळात एटीआर वर आणि आरएसआय खाली असं उलटं नातं दिसू लागतं. वर्षभराच्या सरासरीत r लहान दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. `CORREL` त्या पडझडीच्या दोन-तीन महिन्यांपुरतं वेगळं चालवून बघा.