केकच्या किंमतकपातीचा ना-नफा-ना-तोटा हिशेब

छोट्या बेकरीने केकची किंमत उतरवली, तर वाढीव खपातून ती घट भरून निघेल का, हे आधीच ताडून पाहण्याची रीत. व्यवसायाचा सगळा खर्च नेमका किती विक्रीला भरून निघतो, त्या आकड्याला ना-नफा-ना-तोटा बिंदू म्हणतात; वाणिज्याच्या पाठ्यपुस्तकांत ‘समविच्छेदन बिंदू’ असाही शब्द आढळतो. किंमत कमी करण्याच्या प्रश्नात मात्र या एका आकड्याने भागत नाही. कपात केल्यानंतर तोटा कधीपासून थांबतो हा एक प्रश्न आणि कपातीपूर्वी जेवढे उरत होते तेवढे पुन्हा कधी उरते हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगळी येतात आणि बहुतेक चुकीचे निर्णय या दोहोंच्या गल्लतीतून होतात.

हिशेबासाठी खर्चाचे दोन भाग पाडतात. जागेचे भाडे, पगार, कर्जाचा हप्ता हे केक विकले गेले काय किंवा न गेले काय, द्यावेच लागतात. हा स्थिर खर्च. मैदा, साखर, अंडी, लोणी, क्रीम, केकखालचा पुठ्ठा, खोका हे प्रत्येक केकमागे वाढतात. हा बदलता खर्च. केकच्या किमतीतून त्याचा बदलता खर्च वजा केला की जे उरते त्याला अंशदान म्हणतात. स्थिर खर्च याच रकमेतून भागतो आणि तो भागल्यावर उरेल तो नफा.

बदलता खर्च मोजताना. इथेच सर्वांत जास्त घसरगुंडी होते, कारण पाककृतीवरून काढलेला खर्च हा बनवलेल्या केकचा असतो, विकलेल्या केकचा नव्हे. समजा, केकची सध्याची किंमत १०० आहे. (एकक कोणतेही चालेल, किंमत १०० धरली की बाकीचे आकडे आपोआप टक्क्यांत वाचता येतात.) एका केकला ४६ चे साहित्य लागते. पण बनवलेल्या दर १०० केकपैकी ८ विकलेच जात नाहीत: क्रीम उतरते, स्पंज कोरडा पडतो, नाव चुकीचे लिहिले जाते. म्हणजे १०० केकचे साहित्य ९२ केकच्या विक्रीतून वसूल करायचे. ४६ ला ०.९२ ने भागले की विकलेल्या केकमागे साहित्याचा खर्च ५० पडतो. खोका, पुठ्ठा, मेणबत्ती आणि पैसे स्वीकारण्याचे शुल्क मिळून आणखी ५ धरू. बदलता खर्च ५५, अंशदान ४५.

मालकाच्या स्वतःच्या मेहनतीचे काय, हा नाजूक प्रश्न असतो. तो पगार घेत नसला, तरी तेच काम दुसऱ्याला दिले तर किती द्यावे लागेल तेवढी रक्कम स्थिर खर्चात घालावी. नाहीतर हिशेबात दिसणारा नफा हा खरे तर त्याचा न घेतलेला पगारच असतो.

उदाहरण. ही बेकरी आठवड्याला २०० केक विकते आणि तिचा स्थिर खर्च आठवड्याला ६,३०० आहे. ६,३०० ला ४५ ने भागले की १४० येतात. म्हणजे १४० केकना सगळा खर्च निघतो आणि त्यापुढच्या ६० केकचे अंशदान, २,७००, हा आठवड्याचा नफा. आता किंमत ९० करायची आहे. साहित्य तेवढेच लागणार, त्यामुळे अंशदान ४५ वरून ३५ वर येते. नवा ना-नफा-ना-तोटा बिंदू ६,३०० भागिले ३५, म्हणजे १८० केक.

इथे मालक सुटकेचा निःश्वास टाकतो: आपण २०० विकतोच आहोत, १८० ला खर्च निघतो, मग भीती कसली? भीती अशी की २०० केकच विकले गेले तर नफा २,७०० वरून ७०० वर येतो. १८० हा आकडा दुकान बुडणार नाही एवढेच सांगतो. कपात परवडली का, हे सांगत नाही.

त्यासाठी हिशेब दुसऱ्या टोकाने करावा लागतो. जे २०० ग्राहक १०० देऊन केक नेतच होते, त्यांना प्रत्येकी १० सोडून दिले. हे झाले २,०००. नवा येणारा प्रत्येक केक ३५ आणतो. २,००० ला ३५ ने भागले की ५७.१४, म्हणजे पूर्ण ५८ केक जास्त विकावे लागतील. एकूण २५८. ताळा पाहायचा तर २५८ गुणिले ३५ म्हणजे ९,०३०. त्यातून ६,३०० वजा जाता २,७३० उरतात. जुन्या नफ्याशी मेळ बसला. थोडक्यात सूत्र असे:

```
लागणारी वाढ (%) = कपात ÷ (जुने अंशदान − कपात) × १००
```

१० ला ३५ ने भागून १०० ने गुणले की २८.६ येते. किंमत दहा टक्के उतरली, पण खप सुमारे २९ टक्के वाढायला हवा. ‘दहा टक्के स्वस्त केले, दहा-अकरा टक्के जास्त खपले की झाले’ हा अंदाज फक्त गल्ला जुळवतो, नफा नाही. या सूत्रात स्थिर खर्च कुठेच नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. भाडे जबर असो की जागा घरची, लागणारी वाढ तीच राहते. ती ठरते अंशदानाच्या जाडीवरून: अंशदान किमतीच्या ६० टक्के असेल तर याच कपातीला २० टक्के वाढ पुरते, ३० टक्के असेल तर ५० टक्के लागते आणि २० टक्केच असेल तर खप दुप्पट व्हावा लागतो. महागडे लोणी आणि सुकामेवा घालणाऱ्या बेकरीला किंमत कमी करणे साध्या स्पंज केकच्या बेकरीपेक्षा म्हणूनच अवघड जाते.

क्षमतेची पायरी. वरचे सूत्र स्थिर खर्च हलणार नाही असे गृहीत धरते. तो हलला की चित्र बदलते. बेकरीत अडते ते बहुधा ओव्हनपाशी नव्हे. ओव्हनमध्ये एका वेळी अनेक साचे बसतात. आयसिंग मात्र एका वेळी एकाच केकवर होते आणि स्पंज पूर्ण गार झाल्याशिवाय त्यावर क्रीम चढवता येत नाही, चढवले तर ते वितळून घसरते. एका केकच्या आयसिंगला २० मिनिटे धरली, तर ५८ जास्त केक म्हणजे आठवड्याला १९ तासांहून अधिक काम. आहे त्या हातांनी ते होईल का?

समजा, सध्याच्या माणसांत आठवड्याला जास्तीत जास्त २४० केक निघतात. २५८ साठी अर्धवेळ मदतनीस लागेल आणि त्याचे ७०० द्यावे लागतील. मग भरून काढायची रक्कम २,००० नव्हे तर २,७००. तिला ३५ ने भागले की ७७.१४, म्हणजे ७८ केक जास्त आणि एकूण २७८. लागणारी वाढ २९ वरून ३९ टक्क्यांवर गेली. खर्चाच्या या उडीमुळे २४० च्या जरा पुढे अडकलेल्या बेकरीची अवस्था सर्वांत वाईट होते. मदतनीस ठेवला, पण त्याचा खर्च निघावा एवढा खप काही आला नाही. आतबट्ट्याचा व्यवहार तो हाच.

उलट बाजूला एक दिलासाही असतो. माल भराभर उठू लागला की वाया जाणे कमी होते. ते ८ वरून ४ टक्क्यांवर आले तर साहित्याचा खर्च ५० वरून सुमारे ४८ होतो, अंशदान ३५ ऐवजी ३७ राहते आणि मदतनिसाशिवाय २४४ केक पुरतात. पण २४४ सुद्धा २४० च्या पलीकडेच आहे. चार केकसाठी माणूस ठेवायचा की मालकाने एक रात्र जागायची, हे कागदावर सुटत नाही.

वाढ खरी की उसनी. वाढलेला प्रत्येक केक नवाच असतो असे नाही. एरवी चार पेस्ट्री नेणारा ग्राहक आता त्याऐवजी केक नेतो. दर दहा वाढीव केकमागे दोन असे असतील आणि प्रत्येकामागे पेस्ट्रीचे २० अंशदान बुडत असेल, तर नव्या केकचे खरे अंशदान ३५ नव्हे, ३१ धरावे लागते. मग मदतनीस न धरताही ५८ ऐवजी ६५ जास्त केक लागतात. शिवाय वाढदिवसाचा केक स्वस्त झाला म्हणून कोणाचा वाढदिवस वर्षातून दोनदा येत नाही. अशा केकचा वाढीव खप मुख्यतः शेजारच्या बेकरीकडून ओढलेला असतो आणि तिनेही किंमत उतरवली की तो परत जातो. साधा चहाबरोबरचा केक मात्र स्वस्ताईमुळे खरोखर जास्त वेळा घेतला जाऊ शकतो. दोन्ही प्रकार एकाच आकड्यात कोंबून काढलेले उत्तर फारसे कामाचे नसते.

कपात करून पाहिली, तर निकाल गल्ल्यावरून वाचू नये. खप २३० झाला तर विक्री २०,००० वरून २०,७०० होते, दुकानात गर्दी दिसते, सगळे खूश असतात. अंशदान मात्र ९,००० वरून ८,०५० वर आलेले असते. आठवड्याला विकलेले केक मोजावेत आणि त्यांना नव्या अंशदानाने गुणावे. केक साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे साबणाच्या सवलतीत होते तशी पुढच्या महिन्याची खरेदी आताच उरकली जाण्याचा धोका इथे कमी. पहिल्या दोन आठवड्यांची नवलाई मात्र ओसरू द्यावी आणि सणासुदीचे आठवडे तुलनेत घेऊ नयेत. मागे फिरण्याची किंमतही असते: १०० वरून ९० ही दहा टक्के कपात, पण ९० वरून १०० ही ग्राहकाच्या लेखी अकरा टक्के भाववाढ.

यावर काही बेकऱ्या मधला मार्ग काढतात आणि फक्त मंद दिवसांत किंमत उतरवतात. २०० पैकी ६० केक आठवड्याच्या सुरुवातीच्या चार दिवसांत जात असतील, तर तेवढ्याच दिवसांच्या कपातीने ६०० सोडावे लागतात आणि ते भरून काढायला १८ केक पुरतात. टक्केवारी जवळपास तीच, तीस. पण त्या दिवशी हात रिकामे असल्याने हे १८ केक मदतनिसाशिवाय निघतात आणि क्षमतेची पायरी चढावीच लागत नाही. शनिवार-रविवारचा ग्राहक त्या दिवसांकडे सरकला तर प्रत्येकामागे १० जातात आणि नवा केक काही वाढत नाही. ठरलेल्या तारखेचा केक आधी नेता येत नसल्याने अशी गळती साध्या केकमध्येच जास्त दिसते.