थिसिस स्टेटमेंट आणि आउटलाइन: दावा कुठला आणि यादी कुठली

अमेरिकेतल्या कॉलेजांत पहिल्या वर्षाला लेखनाचा जो कोर्स बहुतेकांना घ्यावाच लागतो, त्या फर्स्ट-इयर कॉम्पोझिशनमध्ये ‘सोशल मीडिया आणि किशोरांची झोप’ हा विषय हमखास निवडला जातो. साहित्य भरपूर मिळतं आणि बाजू घेणं सोपं वाटतं. निबंधाआधी दोन गोष्टी द्यायच्या असतात, थिसिस स्टेटमेंट आणि आउटलाइन. बऱ्याचदा त्या एकाच पानावर मागवलेल्या असतात, आणि गडबड तिथेच होते. थिसिसच्या जागी आउटलाइनचं संक्षिप्त रूप येतं, आणि आउटलाइनच्या जागी विषयांची यादी.

थिसिस स्टेटमेंट म्हणजे एक दावा. एका, फार तर दोन वाक्यांत मांडलेला, आणि एखादा समंजस माणूस कारणं देऊन ज्याला ‘मला पटत नाही’ म्हणू शकेल असा. आउटलाइन म्हणजे तो दावा वाचकाच्या गळी उतरवण्याचा क्रम: आधी काय मान्य करायचं, कुठला पुरावा कुठे ठेवायचा, विरोधकाला कुठे बोलू द्यायचं. दावा खोटा ठरू शकतो. क्रम खोटा ठरत नाही, तो फक्त चुकीचा लागू शकतो. दोन्हींच्या कसोट्या वेगळ्या आहेत त्या यामुळेच.

आता सगळ्यात जास्त दिसणारा नमुना घेऊ: ‘सोशल मीडियामुळे किशोरांना उशिरा झोप लागते, त्यांचा मूड बिघडतो आणि अभ्यासावर परिणाम होतो.’ वाक्य नीटनेटकं आहे, तीन मुद्दे आहेत, त्यामुळे पुढे तीन परिच्छेद होणार हेही दिसतं. पण ही वाक्याच्या वेशातली आउटलाइन आहे. तिन्ही मुद्दे एकमेकांशेजारी नुसते उभे आहेत, त्यातला एक गळला तरी बाकीच्यांचं काही अडत नाही. शिवाय याला विरोध कोण करणार? फोनमुळे झोप छान लागते, असं म्हणणारा सापडणं कठीण. शाळेत पाच परिच्छेदांच्या निबंधासाठी ही तीन फाट्यांची रचना शिकवतात, आणि तिथे ती चालून जाते. कॉलेजात प्राध्यापक त्यावर ‘मग काय?’ एवढंच लिहून परत देतात.

दाव्याला तीन गोष्टी लागतात. काय करावं किंवा काय मानावं, ते कोणी, आणि का. याच विषयावर चालेल असं एक वाक्य असं होईल:

‘लवकर भरणाऱ्या शाळा आणि वयात येताना पुढे सरकणारं शरीराचं घड्याळ हीही झोप कमी होण्याची कारणं असली, तरी पालकांनी सोशल मीडियाचे दिवसभराचे तास मोजत बसण्यापेक्षा रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवण्याचा नियम करावा, कारण किशोरांची झोप मुख्यतः फोन किती वापरला यापेक्षा तो कधी आणि कुठे वापरला यावरून बिघडते.’

वाक्य लांब आहे, पहिल्या मसुद्यात ते चालतं. यात विरोधाला जागा आहे: एखादा म्हणेल की तासच महत्त्वाचे, दुसरा म्हणेल की हे पालकांचं नव्हे तर कंपन्यांचं काम. दोघांनाही कारणं देता येतील. मात्र या वाक्यावरून निबंधात किती परिच्छेद असतील किंवा कुठला मुद्दा आधी येईल, ते कळत नाही. ते कळवणं त्याचं कामच नाही.

आता आउटलाइनकडे वळू. इथली नेहमीची चूक थिसिसच्या बरोबर उलटी आहे. तिकडे दाव्याची यादी होते, इकडे यादीत दावाच नसतो. ‘१. प्रस्तावना, २. झोपेचं महत्त्व, ३. निळा प्रकाश, ४. नोटिफिकेशन, ५. उपाय, ६. समारोप.’ सगळी नामं. ‘निळा प्रकाश’ या ओळीखाली नेमकं काय सिद्ध होणार आहे, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि नाम असल्यामुळे ते कळून येत नाही. म्हणून प्रत्येक ओळ पूर्ण वाक्यात लिहायची. इंग्रजी विभागांत याला सेंटेन्स आउटलाइन म्हणतात. वाक्यात क्रियापद लागतं, आणि क्रियापद आलं की काहीतरी ठामपणे म्हणावंच लागतं.

‘निळा प्रकाश’ याचं वाक्य करून बघा: ‘स्क्रीनच्या प्रकाशामुळे झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक दबतं आणि झोप उशिरा लागते.’ आता पुरावा शोधावा लागतो. बहुतेकांच्या हाती २०१५ साली प्रसिद्ध झालेला ई-रीडरचा प्रयोग लागतो. त्यात मेलाटोनिन दबलेलं दिसलं होतं हे खरं. पण सहभागी १२ जण होते, तेही तरुण प्रौढ. झोपण्याआधी चार तास ते ई-रीडरवर वाचत होते, आणि छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली. म्हणजे किशोर नाहीत, सोशल मीडिया नाही, आणि फरक दहा मिनिटांचा. नुसत्या नामामागे हे सगळं झाकलेलं राहिलं असतं. आपल्या दाव्यासाठी ही ओळ जवळजवळ निरुपयोगी आहे. ती एका उपवाक्यात आटपावी किंवा सरळ काढून टाकावी.

उरलेल्या पुराव्यांची वाक्यं केली की आउटलाइन साधारण अशी उभी राहते:

१. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनचं मत आहे, आणि अमेरिकेतल्या बहुसंख्य हायस्कूल विद्यार्थ्यांना शाळेच्या दिवसांत आठ तासही मिळत नाहीत. (इथेच शेवटी थिसिस.)

२. सगळा दोष फोनचा नाही: वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, म्हणून बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन अकॅडमीने २०१४ मध्ये शाळा साडेआठनंतर भरवण्याची शिफारस केली, आणि कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूलसाठी तसा कायदा लागू आहे.

३. पण शाळेची वेळ पालकांच्या हातात नसते, फोन कुठे झोपतो हे असतं.

४. झोपायच्या वेळी उपकरण हाताशी असणं आणि अपुरी झोप यांचा संबंध दिसतो, उपकरण प्रत्यक्ष वापरलं नाही तरीही.

५. विरोधक म्हणतील की तासच महत्त्वाचे, आणि त्यांच्याकडे पुरावा आहे.

६. तास मोजण्याचा नियम पाळून घेणं अवघड आहे, खोलीबाहेर चार्जर लावण्याचा सोपा.

बाराशे ते पंधराशे शब्दांच्या निबंधाला सहा ओळी पुरतात. यातली चौथी आणि पाचवी ओळ थोडी जवळून बघायला हवी, कारण थिसिस आणि आउटलाइन एकमेकांना कुठे धरतात ते तिथे दिसतं.

चौथ्या ओळीमागे २०१६ चं एक मेटा-विश्लेषण आहे: २० अभ्यास, सव्वा लाखाच्या आसपास मुलं. पुरावा वजनदार आहे, आणि ‘न वापरताही’ हा भाग आपल्या ‘कुठे’ला नेमका बळ देतो. पण त्यात दोन अडचणी आहेत. त्यातली उपकरणं म्हणजे हातात धरता येणाऱ्या स्क्रीन, नुसता सोशल मीडिया नव्हे. स्क्रीनवरचा पुरावा सोशल मीडियाच्या नावावर खपवणं ही या विषयावरच्या निबंधांतली सर्रास होणारी घसरण आहे, आणि अनुभवी प्राध्यापक आधी तेच शोधतात. दुसरं, यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. झोप येत नाही म्हणून मूल फोन हातात घेत असेल, ही शक्यता उरतेच.

पाचव्या ओळीत तर आपल्या विरोधातला चांगला पुरावा आहे. ब्रिटनमधल्या १३ ते १५ वयाच्या जवळपास १२ हजार मुलांचा २०१९ मधला अभ्यास थेट सोशल मीडियावर आहे, आणि त्यात दिवसाला पाच तास किंवा जास्त वापरणारी मुलं उशिरा झोपण्याची शक्यता जास्त दिसली. म्हणजे तासांनाही अर्थ आहे. काही जण हा अभ्यास चौथ्या ओळीत आपल्या बाजूने घालतात, ‘सोशल मीडिया आणि झोप’ हे शब्द जुळतात एवढ्यावरून. तो तिथे ठेवला तर आपलाच पुरावा आपला दावा पाडतो. त्याची जागा पाचव्या ओळीत, विरोधकाच्या तोंडी. उत्तर असं देता येतं: शाळेच्या दिवशी पाच तास वापर झाला तर त्यातला मोठा भाग संध्याकाळनंतरच जाणार, त्यामुळे ‘किती’ आणि ‘कधी’ इथे वेगळे काढणं कठीण आहे. हे आपलं अनुमान आहे, अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे, आणि निबंधात तसंच लिहायला हवं.

एवढं झाल्यावर थिसिसमधला ‘मुख्यतः’ हा शब्द टिकत नाही. ‘मुख्यतः’ म्हटलं की तास आणि वेळ यांचं वजन तुलनेने मोजून दाखवावं लागतं, आणि आपल्या सहा ओळींपैकी एकही ते करत नाही. मग कारणाचा भाग बदलतो: ‘…कारण झोपायच्या वेळी फोन जवळ असण्याचा झोपेशी स्पष्ट संबंध दिसतो, आणि हा नियम तासांच्या मर्यादेपेक्षा घरात पाळून घेणं सोपं आहे.’ दावा थोडा आखूड झाला, पण आता तो चौथ्या आणि सहाव्या ओळीवर नीट बसतो. ‘सोशल मीडियाचे तास’ याऐवजी ‘फोनचे तास’ म्हणायचं की नाही, हेही इथेच ठरवावं. विषय सोशल मीडियाचा दिला असेल तर चौथ्या ओळीत एक वाक्य वाढवून सांगावं की हा पुरावा सगळ्या उपकरणांचा आहे आणि सोशल मीडिया त्यातला एक भाग.

आउटलाइनमुळे थिसिस बदलला म्हणजे आधीचं काम वाया गेलं, असं अनेकांना वाटतं, आणि ते जुनं वाक्य तसंच ठेवून निबंध लिहितात. मग प्रस्तावनेत एक दावा आणि समारोपात दुसराच, अशी अवस्था होते. हे पकडायला सोपी युक्ती आहे. आउटलाइनमधल्या फक्त ओळी वाचा, थिसिस झाकून ठेवा, आणि त्या ओळींवरून दावा काय असेल तो दुसऱ्या कुणाला लिहायला सांगा. त्याने लिहिलेला दावा तुमच्यापेक्षा मवाळ निघाला तर थिसिसमध्ये पुराव्याला न पेलणारा शब्द शिल्लक आहे. वेगळ्याच दिशेचा निघाला तर ओळींचा क्रम किंवा एखादी ओळ चुकली आहे. आणि त्याला काहीच लिहिता आलं नाही, तर ओळी अजून नामांतच अडकल्या आहेत.

मसुदा तयार झाल्यावर हीच तपासणी उलट्या बाजूने करतात: प्रत्येक परिच्छेदाचं एक वाक्य समासात लिहायचं आणि ती वाक्यं आउटलाइनशी ताडून बघायची. या विषयात दुसऱ्या परिच्छेदाकडे जास्त लक्ष द्या. शाळेच्या वेळांवर वाचायला खूप मिळतं, कायदा आहे, तारखा आहेत, त्यामुळे विरोधी बाजूचं थोडं मान्य करण्यापुरता आलेला तो परिच्छेद बघता बघता दीड पानाचा होतो, आणि वाचकाला वाटू लागतं की निबंधाचा दावा शाळा उशिरा भरवा असाच आहे.