आयताच्या कोपऱ्याची घडी आणि घडीरेषेची लांबी

आयताकृती कागदाचा एक कोपरा उचलून समोरच्या बाजूवर टेकवला आणि कागद दाबून सपाट केला, की त्यावर एक सरळ रेघ उमटते. या रेघेला येथे घडीरेषा म्हटले आहे. कोपरा समोरच्या बाजूवर जसजसा वर किंवा खाली सरकवावा, तसतशी घडीरेषा कलते आणि तिची लांबीही बदलते. ही लांबी किती भरेल आणि ती कमीत कमी केव्हा होईल, हा भूमितीतील एक जुना प्रश्न आहे. तो बहुधा अवकलनाचे उदाहरण म्हणून शिकवला जातो. परंतु त्याचा गाभा तीन काटकोन त्रिकोणांत आहे आणि पायथागोरसच्या प्रमेयापलीकडे फारसे काही न वापरता तो पूर्ण सुटतो.

आयत ABCD मध्ये AB ही खालची आखूड बाजू w लांबीची आणि AD ही डावीकडची उभी बाजू h लांबीची मानू. A हा कोपरा उजवीकडच्या BC या उभ्या बाजूवर A′ या बिंदूत टेकवला आहे आणि BA′ = t आहे. घडीरेषा AB ला P मध्ये व AD ला Q मध्ये छेदते, म्हणजेच दुमडलेला भाग त्रिकोणी आहे, असे सध्या धरू. AP = x, AQ = y आणि घडीरेषा PQ = L.

सर्व आकडेमोड एका गोष्टीवर उभी आहे: घडी घालताना कागद ताणला जात नाही. दुमडलेला त्रिकोण PA′Q हा मूळच्या त्रिकोण PAQ शी एकरूप असतो, म्हणून PA′ = x, QA′ = y आणि A′ पाशीचा कोन काटकोन असतो. याच कारणाने घडीरेषा ही AA′ या रेषाखंडाची लंबदुभाजक असते. हा गुणधर्म पुढे पुन्हा लागणार आहे.

पहिला काटकोन त्रिकोण PBA′ हा होय. त्यात B पाशी काटकोन आहे, PB = w − x, BA′ = t आणि कर्ण x आहे. त्यामुळे

x² = (w − x)² + t²

आणि सोपे रूप दिल्यावर t² = 2wx − w² मिळते. येथे एक चूक वारंवार होते. आकृतीत P च्या डावीकडचा तुकडा आता जागेवर राहिलेला नसतो, त्यामुळे डोळ्यांसमोर दिसणाऱ्या PB लाच x म्हटले जाते आणि कर्णही x धरला जातो. कर्ण आणि पाया एकाच लांबीचे झाले की t शून्य येतो. तसे आढळल्यास अक्षर चुकीच्या तुकड्याला दिले गेले आहे हे ओळखावे.

दुसऱ्या त्रिकोणासाठी A′ पासून AD वर A′R हा लंब टाकावा. तेव्हा A′R = w, AR = t, QR = y − t आणि कर्ण QA′ = y होतो. A′ पाशी BC च्या डावीकडे तीन कोन एकापुढे एक बसलेले असतात आणि त्यांची बेरीज १८० अंश असते. मधला कोन काटकोन असल्याने उरलेले दोन कोन परस्परांचे कोटिकोन ठरतात. AD आणि BC समांतर असल्यामुळे त्यांपैकी वरचा कोन Q पाशीच्या व्युत्क्रम कोनाएवढा असतो, म्हणून त्रिकोण PBA′ आणि त्रिकोण QRA′ समरूप होतात. त्यावरून

y / x = w / t

हे गुणोत्तर मिळते. तिसरा काटकोन त्रिकोण म्हणजे घडीचा मूळ त्रिकोण PAQ. त्यात L² = x² + y² आहे. y च्या जागी xw/t आणि t² च्या जागी 2wx − w² ठेवल्यावर

L² = 2x³ / (2x − w)

हे सूत्र हाती येते. यात कागदाची उंची h कोठेही दिसत नाही. जोपर्यंत दुमडलेला भाग त्रिकोणी आहे, तोपर्यंत कागद किती उंच आहे याच्याशी घडीरेषेला काहीच कर्तव्य नसते. तसेच x हा w च्या निम्म्याहून मोठाच असावा लागतो, हेही छेदावरून उघड आहे. कारण P मध्यबिंदूच्या डावीकडे असेल तर A हा BC पर्यंत पोहोचणारच नाही.

आता L कमीत कमी केव्हा होतो ते पाहू. L धन असल्याने L² चे किमान मूल्य शोधणे पुरेसे आहे. अवकलनाने उत्तर झटकन मिळते, पण त्याशिवायची वाट अधिक बोलकी आहे. w/x ला v म्हटले, तर L² = 2w² / (v²(2 − v)) असे रूप येते. त्यामुळे v²(2 − v) हा गुणाकार मोठ्यात मोठा करायचा आहे. तो v/2, v/2 आणि 2 − v या तीन धन संख्यांच्या गुणाकाराच्या चौपट आहे. या तिन्हींची बेरीज नेहमी 2 राहते, आणि बेरीज ठरलेली असताना संख्या समान झाल्या की गुणाकार सर्वांत मोठा होतो. म्हणून v = 4/3, म्हणजेच x = 3w/4. त्यावेळी t = w/√2, y = 3w/(2√2) आणि

L = (3√3 / 4) w

म्हणजे रुंदीच्या सुमारे १.३ पट. रुंदीचे चार समान भाग केले, तर घडीरेषा तिसऱ्या खुणेतून निघते.

२१० मिमी रुंद व २९७ मिमी उंच अशा ए४ आकाराच्या कागदावर हे पडताळून पाहण्यासारखे आहे. x = १५७.५ मिमी, t सुमारे १४८.५ मिमी, y सुमारे २२२.७ मिमी आणि L सुमारे २७२.८ मिमी येते. यातील t हा २९७ च्या बरोबर निम्मा आणि y हा २९७ चा पाऊण भाग दिसतो. हा योगायोग नव्हे. या मालिकेतील कागदांची उंची रुंदीच्या √2 पट ठेवलेली असते, म्हणून w/√2 ही लांबी h/2 एवढीच भरते आणि 3w/(2√2) ही 3h/4 एवढी. अशा कागदात सर्वांत आखूड त्रिकोणी घडी हवी असेल तर A हा कोपरा BC च्या मध्यबिंदूवर टेकवावा. घडीरेषा तेव्हा दोन्ही बाजूंचा पाऊण भाग कापते, म्हणून ती आयताच्या BD या कर्णाला समांतर असते आणि लांबीने त्या कर्णाच्या बरोबर पाऊणपट असते. मोजपट्टीविनाही याची खात्री करता येते: कागद आडवा मधोमध दुमडून BC चा मध्य मिळवावा, कोपरा तेथे टेकवून घडी घालावी, आणि मग AB चार भागांत दुमडून P तिसऱ्या घडीवर येतो की नाही ते पाहावे. या प्रश्नाचे इतके देखणे रूप दुसऱ्या कोणत्याही प्रमाणाच्या कागदात दिसत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मात्र उलट्या दिशेने, म्हणजे निरनिराळ्या घड्या घालून व मोजून, हे किमान स्थान नेमके सापडत नाही. किमान मूल्याजवळ लांबी फारच हळू बदलते. कोपरा मध्यबिंदूऐवजी ८.५ मिमी खाली, t = १४० मिमी या ठिकाणी टेकवला तरी घडीरेषा सुमारे २७३.४ मिमी भरते, म्हणजे फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक. घडीच्या रेघेलाही जाडी असल्याने असा फरक पट्टीवर विश्वासाने वाचता येत नाही. त्यामुळे प्रयोगातून लांबी चांगली जुळते, पण जागा जुळत नाही.

सूत्राची खरी मर्यादा मात्र वेगळी आहे आणि पुष्कळ मांडण्यांत ती सुटून जाते. दुमडलेला भाग त्रिकोणी असल्याचे आपण धरले होते. हे तेव्हाच खरे असते जेव्हा x हा w पेक्षा आणि y हा h पेक्षा मोठा होत नाही. ए४ कागदावर t सुमारे ८७ मिमी ते २१० मिमी असतानाच असे घडते. त्याखाली घडीरेषेचे वरचे टोक AD सोडून CD या वरच्या बाजूवर जाते. २१० मिमीच्या पुढे खालचे टोक AB सोडून BC वर चढते. दोन्ही वेळा दुमडलेला भाग चौकोनी होतो, आणि कागदाकडे नुसते पाहूनही हे कळते.

या दोन अवस्थांत लंबदुभाजकाचा गुणधर्म कामी येतो. घडीरेषा AA′ ला लंब असल्याने, तिच्या एका टोकातून आडवी व दुसऱ्यातून उभी रेषा काढून होणारा काटकोन त्रिकोण हा ABA′ शी समरूप असतो. पहिल्या अवस्थेत घडीरेषा कागदाची पूर्ण उंची व्यापते, म्हणून L = h√(w² + t²) / w. दुसऱ्या अवस्थेत ती पूर्ण रुंदी व्यापते, म्हणून L = w√(w² + t²) / t.

आता कोपरा B पासून C पर्यंत सावकाश सरकवत नेला तर ए४ कागदावर पुढीलप्रमाणे घडते. A हा B वर असताना घडीरेषा उभी, २९७ मिमी असते. t = ८७ मिमी होईपर्यंत ती वाढत सुमारे ३२१.५ मिमी होते आणि तेथे तिचे टोक D या कोपऱ्यात येते. मग ती घटत मध्यबिंदूपाशी २७२.८ मिमी होते, पुन्हा वाढून t = २१० मिमी येथे, म्हणजे ४५ अंशांच्या परिचित घडीत, २९७ मिमी होते, आणि त्यानंतर सतत घटत A हा C वर येताच सुमारे २५७.२ मिमी उरते. शेवटचा आकडा २७२.८ पेक्षा लहान आहे. म्हणजे रुंदीच्या 3√3/4 पट हे उत्तर त्रिकोणी घड्यांपुरतेच किमान आहे. सर्व घड्यांचा विचार केला तर या कागदावर समोरासमोरचे कोपरे जुळवणारी घडी तिच्याहून आखूड ठरते. वरील सूत्रांची तुलना केल्यास, उंची रुंदीच्या 4/√11 पटीपेक्षा, म्हणजे सुमारे १.२०६ पटीपेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक कागदात असेच होते.

दुसऱ्या टोकाला, उंची रुंदीच्या सुमारे १.०६ पटीपेक्षा कमी असेल तर y = 3w/(2√2) एवढी जागा AD वर नसतेच, आणि x = 3w/4 हे उत्तर त्या कागदाला लागू पडत नाही. चौरस कागद याच गटात येतो. त्यात 3w/4 ची खूण करून तेथून घडी घातली, तर Q हा कागदाच्या बाहेर, D च्या वर पडतो आणि घडीरेषा वरच्या बाजूवरच संपते.